कर्ज फेडावं की पैसे ठेवीत ठेवावेत?

गृहकर्जाचा दर 9 टक्के, तुमचा कराचा टप्पा 30 टक्के. सगळ्या व्याजावर वजावट मिळाली, तर कर्ज खरं पडतं 6.3 टक्क्यांना. मग 7 टक्क्यांची ठेव फायद्याची वाटते, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ठेवीच्या व्याजावरही कर लागतो. हातात उरतात 4.9 टक्केच. म्हणून माझं मत कर्ज फेडण्याकडेच.

वजावटीला मर्यादा असेल तर फेडणं आणखी सरस. समजा व्याज साडेचार लाख आणि मर्यादा दोन लाख. कर वाचतो साठ हजार, पण मुदतपूर्व फेडीने आधी कमी होतं ते मर्यादेवरचं, वजावट नसलेलं व्याज. त्या रकमेवर पूर्ण 9 टक्के वाचतात. अडीअडचणीपुरती रोकड मात्र बाजूला ठेवाच.