कॉमेक्सच्या चांदीचा भाव वेळेवर खेचण्यासाठी सर्व्हरचे घड्याळ कसे लावावे: तीन मांडण्यांची तुलना

कोल्हापुरात गुजरीतल्या आणि हुपरीच्या चांदी व्यापाऱ्यांना रोज रात्री एक आकडा हवा असतो. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारातील चांदीच्या वायद्याचा त्या दिवसाचा सेटलमेंट भाव हा तो आकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दरपत्रक तयार करताना तो एमसीएक्सच्या बंद भावाशेजारी ठेवून पाहिला जातो. हा आकडा आपोआप खेचणारी स्क्रिप्ट लिहिणे अर्ध्या तासाचे काम आहे, पण ती कोणत्या वेळी चालवायची हे सर्व्हरला नेमके कसे सांगायचे, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. ज्यांच्यापुढे हा निर्णय आहे त्यांच्यासाठी मी वापरून पाहिलेल्या तीन मांडण्या येथे शेजारी शेजारी ठेवतो आहे.

आधी वेळेचे गणित मांडू. कॉमेक्सवर चांदीचा सेटलमेंट भाव न्यूयॉर्कच्या दुपारी १:२५ च्या व्यवहारांवरून ठरतो. तो डेटा पुरवठादाराकडे पोहोचण्यासाठी मी पंधरा मिनिटे सोडतो, म्हणजे माझी खेचण्याची वेळ न्यूयॉर्कची १:४० आहे. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना ही वेळ यूटीसीनुसार १७:४० आणि आपल्याकडे रात्री ११:१० असते. हिवाळी वेळ लागू झाली की तीच १:४० यूटीसीनुसार १८:४० होते आणि आपल्याकडे रात्रीचे १२:१० वाजतात. येथे तास तर बदलतोच, पण तारीख आणि वारही बदलतात, आणि पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून जन्माला येतात.

पहिली मांडणी बहुतेकांना सर्वप्रथम सुचते: सर्व्हर भारतीय प्रमाणवेळेवर ठेवायचा आणि क्रॉनमध्ये भारतीय वेळ लिहायची. उन्हाळ्यात ही नोंद सोमवार ते शुक्रवारची असते, तर हिवाळ्यात मध्यरात्र ओलांडल्यामुळे ती मंगळवार ते शनिवारची होते.

```
10 23 * * 1-5  /opt/chandi/khech.sh   # उन्हाळा
10 0  * * 2-6  /opt/chandi/khech.sh   # हिवाळा
```

यांपैकी एका वेळी एकच ओळ चालू ठेवायची आणि वर्षातून दोनदा हाताने बदलायची, असे हे काम आहे. बदल करायला विसरले तर काय होते, हे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे, कारण दोन्ही चुका सारख्या नाहीत. मार्चमध्ये विसरलात तर स्क्रिप्ट एक तास उशिरा चालते आणि भाव तरीही बरोबर येतो, त्यामुळे फारसे बिघडत नाही. नोव्हेंबरमध्ये विसरलात तर स्क्रिप्ट रात्री ११:१० ला, म्हणजे न्यूयॉर्कच्या १२:४० ला, सेटलमेंटच्या पाऊण तास आधी चालते. त्या वेळी बाजार चालू असतो, पुरवठादार निमूटपणे चालू भाव देतो, आणि तो आकडा खऱ्या सेटलमेंट भावाच्या इतका जवळ असतो की पाहून कोणालाच शंका येत नाही. माझ्या बाबतीत एका नोव्हेंबरमध्ये असेच सलग काही दिवस घडले. एका पेढीच्या हिशेबनिसाने छापील आकड्याशी ताडून पाहिले तेव्हाच ते लक्षात आले आणि मला त्या दिवसांची दरपत्रके नव्याने काढून द्यावी लागली. त्या दिवसानंतर मी ही मांडणी परदेशी बाजारासाठी वापरलेली नाही.

लंडन सोबत असेल तर हाताने बदलण्याची ही पद्धत आणखी अवघड होते. लंडनचा चांदीचा भाव तिथल्या दुपारी बाराला ठरतो, जो आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ५:३० ला आणि उन्हाळ्यात ४:३० ला पडतो. परंतु अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि २९ मार्च अशा आहेत. मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क बदललेले असते आणि लंडन बदललेले नसते. दोन्ही नोंदी एकाच दिवशी बदलल्या, तर लंडनची स्क्रिप्ट भाव ठरण्याच्या तासभर आधी चालून आदल्या दिवसाचा भाव नव्या तारखेखाली साठवून ठेवते.

दुसऱ्या मांडणीत सर्व्हर यूटीसीवर ठेवायचा, क्रॉनने दोन्ही शक्य तासांना स्क्रिप्टला हाक द्यायची आणि आत शिरल्यावर स्क्रिप्टने न्यूयॉर्कचे घड्याळ पाहून आपली पाळी आहे की नाही हे स्वतः ठरवायचे.

```
40 17,18 * * 1-5  /opt/chandi/khech.sh
```

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळी अशा:

```
h=$(TZ=America/New_York date +%H)
[ "$h" = 13 ] || exit 0
```

उन्हाळ्यात १७:४० ची हाक कामाला येते आणि १८:४० ची परत जाते, हिवाळ्यात याच्या उलट घडते, आणि वर्षभर काहीही बदलावे लागत नाही. शिवाय यूटीसीमध्ये ही वेळ दोन्ही ऋतूंत त्याच वारी पडत असल्यामुळे सोमवार ते शुक्रवार एवढेच लिहून भागते. कोणत्याही लिनक्सवर, कितीही जुना क्रॉन असला तरी ही मांडणी चालते, हा तिचा मोठा गुण आहे. तपासणीची ओळ मात्र स्क्रिप्टमध्येच ठेवावी, कारण क्रॉनच्या नोंदीत लिहिल्यास `%` या चिन्हाचा अर्थ तेथे नवी ओळ असा होतो आणि आज्ञा अर्ध्यावर तुटते.

या मांडणीचा दोष गप्प राहण्याचा आहे. छोट्या कंटेनरमध्ये `tzdata` हे पॅकेज अनेकदा नसते, आणि ते नसताना `TZ=America/New_York` लिहिले तर `date` कोणतीही तक्रार न करता यूटीसीचीच वेळ देते. मग `h` ची किंमत १७ किंवा १८ येते, दोन्ही हाका परत जातात, आणि लॉगमध्ये चूक म्हणून काहीच दिसत नाही. म्हणून परत जाण्यापूर्वी स्क्रिप्टने यूटीसी आणि न्यूयॉर्क या दोन्ही वेळा लॉगमध्ये लिहाव्यात. त्या दोन्ही सारख्याच दिसल्या की रोग कुठे आहे ते लगेच कळते. पायथनचे `zoneinfo` अशा वेळी सरळ चूक दाखवून थांबते, आणि या एका कारणासाठी ही तपासणी पायथनमध्ये लिहिणे मला अधिक पसंत आहे.

तिसऱ्या मांडणीत बाजाराचा टाइमझोन थेट टायमरलाच सांगितला जातो. सिस्टमडीचा टायमर हे करू शकतो, मग सर्व्हरचे स्वतःचे घड्याळ कोणत्याही टाइमझोनवर असो.

```
[Timer]
OnCalendar=Mon..Fri *-*-* 13:40:00 America/New_York
AccuracySec=5s
Persistent=true
```

येथे वार आणि वेळ दोन्ही न्यूयॉर्कचीच समजली जातात, त्यामुळे मध्यरात्र ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. `AccuracySec` लिहिले नाही तर टायमर ठरलेल्या वेळेनंतर एका मिनिटापर्यंत मागे सरकू शकतो, जे सेटलमेंट भावासाठी चालते, पण बाजार उघडतानाचा भाव हवा असेल तर चालत नाही. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ही मांडणी घड्याळ बदलण्याआधीच तपासून पाहता येते.

```
systemd-analyze calendar --base-time='2026-10-30' \
  --iterations=3 'Mon..Fri 13:40 America/New_York'
```

अमेरिकेत १ नोव्हेंबर २०२६ रोजी घड्याळ मागे जाते. या आज्ञेच्या उत्तरात ३० ऑक्टोबरच्या शुक्रवारची वेळ यूटीसीनुसार १७:४० आणि २ नोव्हेंबरच्या सोमवारची १८:४० अशी दिसली पाहिजे. तशी दिसली नाही तर सिस्टमडी जुना आहे किंवा टाइमझोनचे नाव चुकले आहे. नावाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी: `America/New_York` ऐवजी `EST` लिहिल्यास उन्हाळी वेळ कधीच लागू होत नाही, कारण ते नाव यूटीसीच्या पाच तास मागे कायमचे खिळलेले आहे.

`Persistent=true` चा अर्थही नीट समजून घ्यावा. सर्व्हर कार्यालयातच असेल आणि खेचण्याच्या वेळी वीज गेलेली असेल, तर यंत्र पुन्हा सुरू होताच टायमर राहिलेले काम उरकतो. ते हवेच आहे, पण तोवर रात्रीचे तीन वाजलेले असू शकतात आणि त्या वेळचा चालू भाव हा सेटलमेंट भाव नसतो. म्हणून स्क्रिप्टने पुरवठादाराकडे चालू भाव मागण्याऐवजी तारीख देऊन सेटलमेंट भाव मागावा, आणि उत्तरातली तारीख जुळली नाही तर तो आकडा साठवू नये. ही तपासणी तिन्ही मांडण्यांत लागते, कारण अमेरिकेतल्या सुट्ट्या कोणत्याही टायमरला ठाऊक नसतात.

टाइमझोन क्रॉनमध्येच लिहिण्याची `CRON_TZ` ही सोय रेड हॅटच्या वळणाच्या लिनक्सवरील क्रोनी या क्रॉनमध्ये आहे. डेबियनच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये मात्र ती ओळ निव्वळ एक चल ठरते आणि काम सर्व्हरच्या वेळेवरच चालते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना ही गोष्ट सहज निसटते, म्हणून मी ती चौथी मांडणी मानत नाही.

एमसीएक्सची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे तिसरी मांडणीही सरळ लागू होत नाही. भारतात घड्याळ कधी बदलत नाही, म्हणून `Asia/Kolkata` लिहिले की झाले, असे वाटते. परंतु एमसीएक्सवरील चांदीचे व्यवहार अमेरिकेची उन्हाळी वेळ चालू असताना रात्री ११:३० ला आणि एरवी ११:५५ ला बंद होतात. न्यूयॉर्कच्या घड्याळाने पाहिले तर हीच वेळ उन्हाळ्यात दुपारी २:०० आणि हिवाळ्यात १:२५ येते. म्हणजे कोणत्याही एका टाइमझोनमध्ये तिला एकच वेळ नाही. येथे बंद होण्याच्या वेळेमागे धावण्याऐवजी दोन्हींच्या पुढची वेळ धरावी: `Tue..Sat 00:20 Asia/Kolkata`, आणि साठवताना तारीख आदल्या दिवसाची लिहावी. यूटीसीवरच्या क्रॉनमध्ये हेच `50 18 * * 1-5` असे होते.

केवळ एनएसई आणि एमसीएक्सचे आकडे खेचायचे असतील, तर भारतीय वेळेवरचा सर्व्हर आणि साधा क्रॉन पुरेसा आहे, त्यात गुंतागुंत वाढवू नये. एकही परदेशी बाजार यादीत आला आणि लिनक्स अलीकडचा असला, तर सर्व्हर यूटीसीवर ठेवून प्रत्येक बाजारासाठी त्याच्या टाइमझोनचा वेगळा टायमर लिहावा. लंडनसाठी `Europe/London`, न्यूयॉर्कसाठी `America/New_York` असे लिहिले की मार्चचे ते तीन आठवडे आपोआप सांभाळले जातात. सिस्टमडी नसलेला कंटेनर किंवा स्वस्त होस्टिंग असेल, तर दोन हाकांची दुसरी मांडणी घ्यावी आणि लॉगमध्ये दोन वेळा लिहिण्याची अट सोडू नये. सध्या भारतीय वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरची वेळ यूटीसी करायची झाल्यास ते शनिवारी दुपारी करावे, जेव्हा सगळे बाजार बंद असतात. `timedatectl set-timezone UTC` नंतर क्रॉन पुन्हा सुरू करावा, आणि जुन्या क्रॉनमधली प्रत्येक नोंद, बॅकअपचीसुद्धा, साडेपाच तासांनी मागे घेतली आहे ना हे एकेक ओळ वाचून पाहावे.