उड्यांचा जगनकाशा, काही महिन्यांच्या वापरानंतर: बाकी सगळं ठीक, पॅसिफिक तेवढा दुभंगलाय

तीन मीटर बाय दीड मीटरचा, लॅमिनेशन केलेला व्हिनाइलचा नकाशा, सोबत सात खंड आणि पाच महासागर यांच्या बारा चकत्या आणि मार्गांची कार्डं. खेळ बहुतेकांना माहीत असेल: कार्ड उचलायचं, सांगितलेल्या खंडातून निघायचं, जमिनीवर एक पाय, पाण्यावर दोन पाय, आणि ठरलेल्या ठिकाणी पोचायचं. रंग अजून टवटवीत आहेत, शाई पुसटलेली नाही. नकाशावर नावं छापलेली नाहीत. सुरुवातीला ही काटकसर वाटते, पण हीच याची सगळ्यात चांगली बाजू आहे. नावं असती तर मुलांनी आकार ओळखण्याऐवजी अक्षरं वाचली असती.

हे लिहायला कारण घडलं ते उजव्या कडेचं. लॅमिनेशन तिथेच सुटायला लागलं, बाकी कुठेही नाही. कारण सरळ आहे. जपानवरून पाण्यात उडी मारली की पुढे नकाशा संपतो, मुलं तिथे थबकतात आणि टाचेवर गर्रकन वळून परत फिरतात. टाचेचा पीळ रोज एकाच जागी बसला की वरची पातळ फिल्म सुटणारच. कडा फाटली तेव्हा प्रश्न व्हिनाइलचा वाटला. पण खरा प्रश्न वेगळा आहे: मुलांना तिथे वळावं का लागतं?

कारण छापणाऱ्यांनी जग नेमकं पॅसिफिकच्या मधोमध कापलंय. बहुतेक नकाशे १८० अंश रेखावृत्तावर कापतात, हाही तसाच. भिंतीवरच्या नकाशात ते खपून जातं, कारण तो डोळ्यांनी बघायचा असतो. पण ज्या नकाशावर उड्या मारत शिकायचं, तिथे कड म्हणजे भिंत. मुलाच्या पायाला जे कळतं तेच डोक्यात बसतं.

आकडे बघा. तीन मीटरमध्ये ३६० अंश बसवलेत, म्हणजे दर ३० अंशांना २५ सेंटीमीटर. उभ्या दिशेलाही तेच माप. साधारण ३५ अंश उत्तर अक्षांशावर मोरोक्कोपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत अटलांटिक सुमारे ५८ सेंटीमीटर भरतो. त्याच ओळीत जपानपासून उजव्या कडेपर्यंत पॅसिफिक फक्त ३३ सेंटीमीटर, आणि डाव्या कडेपासून कॅलिफोर्नियापर्यंत ४९. दोन्ही मिळून ८२ होतात, पण कुठल्याही मुलाला ते मिळून दिसत नाहीत. त्याच्या पायाखाली दोन मध्यम समुद्र येतात आणि अटलांटिक एकसंध, रुबाबदार. मग ‘सर्वांत मोठा महासागर दाखव’ म्हटलं की मूल अटलांटिकवर जाऊन उभं राहतं. प्रत्यक्षात पॅसिफिकचं क्षेत्रफळ साडेसोळा कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पृथ्वीवरची सगळी जमीन एकत्र केली तरी त्याहून कमी भरते. खेळातून मूल नेमकं उलटं शिकत असेल तर तक्रार करायलाच हवी.

बेरिंगच्या सामुद्रधुनीचं तर फारच वाईट झालंय. आशियाचं पूर्वेचं टोक, म्हणजे केप देझन्योव्ह, १८० अंशांच्या पलीकडे साधारण १० अंश जातं. म्हणून रशियाचा जवळजवळ साडेआठ सेंटीमीटरचा तुकडा नकाशाच्या डाव्या कडेला, अलास्काच्या शेजारी येतो. तो तिथे असणं बरोबर आहे. पण या नकाशात त्या तुकड्याला उत्तर अमेरिकेचा रंग दिलाय! विक्रेत्याला कळवलं तर ‘जगाचा नकाशा असाच असतो’ एवढंच उत्तर येतं. आशिया आणि उत्तर अमेरिका यांच्यात तिथे सुमारे ८५ किलोमीटर पाणी आहे, आणि मधल्या दोन डायोमीड बेटांत तर जेमतेम चार किलोमीटर. नकाशावर मात्र मुलाला ‘आशियातून उत्तर अमेरिकेत’ हे कार्ड आलं की ते युरोप आणि अटलांटिक ओलांडत पूर्ण नकाशा पार करतं आणि सगळ्यांना तेच योग्य वाटतं.

असं झालंय का हे तपासायची सोपी रीत आहे. मुलाच्या हातात पृथ्वीगोल द्या आणि जपानवरून कॅलिफोर्नियापर्यंत बोट फिरवायला सांगा. बोट पश्चिमेला, चीन-युरोपच्या दिशेने निघालं, तर नकाशाची कड डोक्यात पक्की झाली आहे.

पहिला उपाय म्हणून ‘उजवीकडून बाहेर, डावीकडून आत’ हा नियम लावून बघितला. दोन्ही कडांवर विषुववृत्तावर आणि ३० व ६० अंशांवर टिकल्या चिकटवायच्या, समोरासमोरच्या जोडीला एकच रंग आणि प्रत्येक जोडीला वेगळा, मूल ज्या टिकलीपाशी बाहेर पडेल त्याच रंगाच्या टिकलीपाशी आत येईल. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे जमतं. लहानांना नाही, कारण नकाशाच्या मागून चालत जाताना त्यांच्या लेखी खेळ थांबलेला असतो आणि ते तीन मीटर फुकटचे असतात. त्याआधी एकदा नकाशा छापील बाजू बाहेर ठेवून नळीसारखा वळवून दोघांनी उभा धरला आणि कडा जुळवून दाखवल्या तर फरक पडतो. साधारण एक मीटर व्यासाची नळी होते आणि रशियाचं शेपूट आपल्या जागी जाऊन बसतं. पण तेही बघणं झालं, उड्या नव्हेत.

नकाशा कापून अटलांटिकमधून उलटा जोडायचा, असंही सुचवलं जातं. ३० अंश पश्चिमेवर, म्हणजे डाव्या कडेपासून १२५ सेंटीमीटरवर कापलं तर मोठ्या भूभागांपैकी फक्त ग्रीनलँड आणि तळाचं अंटार्क्टिका तुटतं. हा उपाय मला आधी आवडला होता, आता नाही. त्यात पॅसिफिक सांधतो आणि अटलांटिक तुटतो. आजार तोच, फक्त जागा बदलली. शिवाय आफ्रिकेतून ब्राझीलला एका पावलात जाण्याची मुलांची सर्वांत आवडती उडी जाते.

खरा उपयोग झाला तो जोडपट्टीचा. नकाशाचा डावीकडचा एक मीटर, म्हणजे १८० ते ६० अंश पश्चिम, तसाच्या तसा पुन्हा काढायचा आणि उजव्या कडेला लावायचा. मग अमेरिका दोनदा दिसते आणि पॅसिफिक पहिल्यांदाच अखंड होतो. कोऱ्या फ्लेक्सचा एक मीटर दोन सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर उंच तुकडा पुरतो. जादा दोन सेंटीमीटर नकाशाच्या खाली सरकवायला. मूळ नकाशावर पारदर्शक प्लास्टिक पसरून किनारे मार्करने गिरवा. मग ते उचलून फ्लेक्सवर ठेवा आणि मधे कार्बन पेपर सरकवत बोथट पेनने पुन्हा गिरवा. सुरुवात विषुववृत्तापासून करा. ती रेघ खालच्या कडेपासून बरोबर ७५ सेंटीमीटरवर यायला हवी, ती चुकली तर जोडावर समुद्राला पायरी पडते. अंटार्क्टिका आणि रशियाचा तुकडा जोडाच्या रेषेला लागूनच सुरू होतात, तिथे घाई नको.

एक जागा जपून काढायची: बेरिंगची फट. जोडापासून साडेआठ-नऊ सेंटीमीटरवर रशिया संपतो, दहावर अलास्का सुरू होतो, विषुववृत्ताच्या वर ५५ सेंटीमीटरच्या उंचीवर. म्हणजे पाण्याला मिळतात सव्वा ते दीड सेंटीमीटर. जाड मार्कर वापरला तर दोन्ही खंड चिकटतात, म्हणून तिथे बारीक टोकाचं पेन घ्या. रंगाला ॲक्रिलिक नको, गुंडाळताना त्याचे पोपडे निघतात. पर्मनंट मार्करने किनारे आणि खंडांवर रंगीत स्टिकर एवढं पुरे. मूळ नकाशातल्या त्या चुकीच्या रंगाच्या तुकड्यावरही आशियाच्या रंगाचा स्टिकर लावून टाका.

पट्टी नकाशाखाली सरकवल्यावर वेल्क्रोचे दोनच तुकडे लावायचे, एक अगदी वर आर्क्टिकमध्ये आणि एक खाली अंटार्क्टिकावर. मधे लावला तर नेमका उडी पडते तिथे उंचवटा येतो. मधल्या भागाला गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी पुरते, आणि ती नकाशाखालीही हवीच. मोजे घालून तर यावर उडी मारूच देऊ नये. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा म्हणजे पसरल्यावर कडा जमिनीकडे दबतात. आत ठेवून गुंडाळलं की त्या वर वळतात आणि अंगठा अडकतो. घडी तर कधीच घालू नका, घडीवर लॅमिनेशन पांढरं पडून तडकतं.

पट्टी लागल्यावर खेळ किती बदलतो ते एका कार्डावरून दिसतं: ‘आशियातून दक्षिण अमेरिकेत, एकाच महासागरावरून’. आधी हे कार्ड मुलं अशक्य म्हणून परत ठेवायची. आता फिलिपिन्सवर उभं राहिलं की समोर इक्वेडोरपर्यंत जवळजवळ १३० सेंटीमीटर पाणी दिसतं. सात-आठ वर्षांच्या मुलाची जागेवरून मारलेली उडी एवढी जात नाही, मधे टेकावंच लागतं. म्हणून हवाईला एक गोल स्टिकर लावलाय: पट्टीवर जोडापासून १९ सेंटीमीटर, विषुववृत्ताच्या वर १७ सेंटीमीटर. फिलिपिन्स ते हवाई आडवं अंतर ६५ सेंटीमीटर आणि हवाई ते इक्वेडोर ६४, म्हणजे बेट जवळपास मधोमध सापडतं. दुसरा स्टिकर फिजीचा, मूळ नकाशावर उजव्या कडेपासून दोन सेंटीमीटर आत, विषुववृत्ताच्या खाली १५. मॅगेलनच्या जहाजांना १५२० च्या नोव्हेंबरात या महासागरात शिरल्यापासून १५२१ च्या मार्चमध्ये ग्वामला पोचेपर्यंत तीन महिन्यांहून जास्त लागले आणि वाटेत फक्त दोन ओसाड बेटं दिसली. हे मुलांना सांगायची वेळ आता आली, कारण आता त्यांना वाटेत टेकायला जागा शोधावी लागते.

दोन गोष्टी पट्टीनेही सुटत नाहीत. अंटार्क्टिका तळाला पूर्ण तीन मीटर पसरलेलं आहे आणि त्याच्याभोवतीचा दक्षिण महासागर बऱ्याच ठिकाणी सहा-आठ सेंटीमीटरचा, त्यात फक्त चवडा मावतो. तिथे पृथ्वीगोलच दाखवावा लागतो. आणि पट्टीसकट पसरायला चार मीटर लांब मोकळी जमीन हवी. ती नसेल तर ५० सेंटीमीटरची पट्टी करा, त्यात कॅलिफोर्निया येतो पण दक्षिण अमेरिका सुटते.

पाचपैकी साडेतीन. नवीन घेणार असाल तर विक्रेत्याकडे डाव्या कडेच्या वरच्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागा. अलास्काशेजारचा तो छोटा तुकडा आशियाच्या रंगात असेल तर छापणाऱ्याने नकाशा नीट बघितलाय. तुकडा अजिबातच नसेल, तर रशिया उजव्या कडेला पूर्ण आहे का बघा. काही नकाशे १७० अंश पश्चिमेजवळ कापतात. त्यात रशिया अखंड राहतो, आणि तसा मिळाला तर वर दिलेली डावी-उजवी मापं दहा अंशांनी, म्हणजे साधारण आठ सेंटीमीटरने सरकवून घ्या.