जीएसटी बिलावर नाव कुणाचं: मालकाचं की दुकानाचं?

समजा, लालबागला एका बाईंनी मसाल्याचं दुकान घातलंय. पॅनवर नाव सुनीता रमेश कदम, पाटीवर ‘कदम मसाले’. जीएसटी नोंदणीत लीगल नेम निवडता येत नाही, ते पॅनवरून येतं. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर ते त्या माणसाचंच नाव. आपल्या हातात असतं ते ट्रेड नेम, म्हणजे पाटीवरचं धंद्याचं नाव. तो रकाना भरला, तर REG-06 प्रमाणपत्रावर दोन्ही नावं येतात.

आता बिल. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, लागतो. नाव लीगल की ट्रेड, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. त्यामुळे नोंदवलेलं ट्रेड नेम छापलं म्हणून बिल चुकीचं ठरत नाही. घोळ होतो तो गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समध्ये. अंधेरीच्या हॉटेलचा अकाउंटंट हा नंबर जीएसटी पोर्टलच्या Search Taxpayer मध्ये टाकतो. Legal Name of Business समोर सुनीताबाई दिसतात आणि Trade Name चा रकाना भरलेला नसेल, तर ‘कदम मसाले’ कुठेच दिसत नाही. मग पेमेंट अडकतं आणि फोनाफोनी सुरू होते.

उलट फक्त मालकाचं नाव छापलं, तर पोर्टलशी जुळतं. पण हॉटेलची ऑर्डर ‘कदम मसाले’ नावाने निघालेली असते आणि स्टोअरवाला विचारतो, ही सुनीता कदम कोण?

म्हणून माझं मत सरळ आहे: वर मोठ्या अक्षरात ‘कदम मसाले’, खाली ‘प्रोप्रा. सुनीता रमेश कदम’, त्याखाली जीएसटीआयएन. करंट खातं दुकानाच्या नावाने असेल तर बँकेच्या तपशिलातही स्पेलिंग नेमकं तेच ठेवा. ट्रेड नेम नोंदवायचं राहिलं असेल तर आधी REG-14 अर्जाने दुरुस्ती करून घ्या, बिलबुकं नंतर छापा. उलाढाल 5 कोटींच्या पुढे जाऊन ई-इनव्हॉइस लागू झालं, की विकणाऱ्याचं लीगल नेम सक्तीचं होतं, ट्रेड नेम ऐच्छिक. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हा प्रश्नच नाही, कंपनी कायद्याप्रमाणे बिलावर कंपनीचं नाव लागतंच.

एक गोष्ट मात्र बरेच जण गृहीत धरतात: दुकानाचं नाव तेच, तर नंबरही तोच. बाईंनी धंदा मुलाच्या हाती दिला, तर ‘कदम मसाले’ नाव चालू राहतं, पण नंबर नाही. जीएसटीआयएनमध्ये महाराष्ट्राच्या 27 नंतरची दहा अक्षरं पॅनची असतात, त्यामुळे मुलाला नवी नोंदणी घ्यावी लागते. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट ITC-02 फॉर्म भरून त्याच्याकडे वळवता येतं. बिलाची वरची ओळ तीच दिसत असल्याने हॉटेलवाले जुन्याच नंबरवर नोंद करत राहतात, तेव्हा बदललेला नंबर त्यांना पहिल्या बिलाच्या आधीच लेखी कळवावा.