स्क्रीन दाखवताना ‘तपशील’ की ‘हालचाल’: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोंड्यात आमचे लहानसे वास्तुरचना कार्यालय आहे. पेडण्यात बांधकाम चालू असलेल्या एका घराचे मालक पुण्यात राहत असल्यामुळे गेले आठ महिने जवळजवळ प्रत्येक शनिवारी मालक, साइटवरचे मेस्त आणि मी अशी आमची ऑनलाइन बैठक होते. तीत नकाशे, परिमाणांचे तक्ते आणि ड्रोनचे चित्रण असे तिन्ही प्रकार मी दाखवत आलो आहे. स्क्रीन शेअर करताना दिसणाऱ्या Optimize for text and images म्हणजे ‘तपशील’ आणि Optimize for motion and video म्हणजे ‘हालचाल’ या दोन पर्यायांकडे सुरुवातीचे दोन महिने मी लक्षच दिले नाही. अर्थ कळेपर्यंत मधे एका तुळईचे प्रकरण होऊन गेले.

त्या दिवशी आधी चित्रण दाखवले होते, त्यामुळे पर्याय ‘हालचाल’वर राहिला होता आणि त्याच अवस्थेत मी तुळईच्या सळ्यांचा नकाशा उघडला. सळ्यांभोवतीच्या रिंगांमधले अंतर 150 मिलिमीटर लिहिले होते. मेस्तांनी मोबाइलवर ते 180 वाचले आणि तसेच वहीत टिपून घेतले. काँक्रीट ओतण्यापूर्वी आलेल्या छायाचित्रात मी रिंगा मोजल्या, तेव्हा तीन मीटरमध्ये 21 ऐवजी 18 भरल्या. चूक वेळेत सापडली, पण मेस्तांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांच्याकडे पोचलेल्या चित्रात 5 आणि 8 यांत फरकच उरला नव्हता.

याचे कारण साधे आहे. जोडणीतून जाऊ शकणारी माहिती मर्यादित असते आणि ती कमी पडली की ‘हालचाल’ हा पर्याय चित्रांचा वेग राखून त्यांचा आकार घटवतो, तर ‘तपशील’ आकार राखून वेग सोडून देतो. माझा पडदा 1920×1080 बिंदूंचा आहे. त्यावर 10 बिंदू उंचीचा आकडा 1280×720 वर उतरला की जेमतेम 7 बिंदूंचा राहतो आणि 640×360 वर 3 बिंदूंचा ठिपका होतो. पलीकडे ते चित्र ताणून पडदाभर दाखवले जाते, त्यामुळे आकडा मोठा दिसतो, पण पुसट. माझ्या पडद्यावर मात्र सगळे स्वच्छच असते, आणि खरी फसगत तिथेच होते. म्हणून आता मी मोबाइलवरून दुसरा सदस्य म्हणून बैठकीत शिरतो, आवाज बंद करून तो शेजारी ठेवतो आणि समोरच्यांना काय दिसते ते त्यावर पाहतो.

नकाशासाठी ‘तपशील’ निवडला तरी सवय बदलावी लागते. या पर्यायात सेकंदाला पाचेकच चित्रे जाऊ शकतात, त्यामुळे माउसचे चाक फिरवत नकाशा सरकवत राहिल्यास समोरच्याला धक्के बसतात आणि प्रत्येक थांब्यावर चित्र आधी धूसर येऊन मग हळूहळू उजळते. मी आता हव्या त्या छेदावर जातो, माउसवरून हात काढतो, दोन सेकंद थांबतो आणि मगच बोलतो. एक त्रास या पर्यायानेही जात नाही: काळ्या पार्श्वभूमीवरच्या बारीक लाल किंवा निळ्या रेषा फिसकटलेल्याच दिसतात. व्हिडिओ पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची असते, पण रंगाची माहिती चार बिंदूंना मिळून एकदाच पाठवली जाते. त्यामुळे बैठकीसाठी मी नकाशाची पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांची पीडीएफ काढतो आणि तीच दाखवतो.

तक्त्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ‘तपशील’ ठेवावा, वरची ओळ गोठवावी, अक्षरे मोठी करावीत आणि सरकवण्यासाठी चाकाऐवजी Page Down वापरावे, म्हणजे चिऱ्यांचा हिशेब ओळीने वाचता येतो.

ड्रोनच्या चित्रणाचे गणित उलटे आहे. माडांची झावळे, पाऊस आणि कौले सगळीच एकाच वेळी हलत असल्यामुळे प्रत्येक चित्र जवळजवळ नवे असते. ‘तपशील’मध्ये त्याच्या तुटक छायाचित्रांची मालिका होते आणि छपराचा उतार कसा फिरला हे कळतच नाही. तिथे ‘हालचाल’ निःसंशय योग्य ठरते. मात्र जोडणी अगदीच अशक्त असेल तर दोन्ही पर्याय हात टेकतात. जुलैमध्ये पावसाने नेट रडतखडत चालत होते, तेव्हा मी मालकांना फाइलच आदल्या रात्री पाठवू लागलो.

माझी तक्रार एकच आहे. पर्याय बदलल्याची ठळक खूण पडद्यावर कुठेच राहत नाही, आणि ‘आपोआप’ ठरवणाऱ्या पर्यायाने माझ्या नकाशावर कोपऱ्यात हलणारे छोटे चित्रण असताना दोनदा चुकीचा कौल दिला. त्यामुळे चित्रण संपले की मी शेअर करणे पूर्ण थांबवतो, ‘तपशील’ निवडून नव्याने सुरू करतो आणि पहिला आकडा मेस्तांकडून मोठ्याने वाचून घेतो.