श्रीनिवास की द्युमाँ? जातीवरची दोन कार्डं

एम. एन. श्रीनिवास: आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतच सोशॉलॉजी शिकवायचे, मग दिल्लीला गेले. थिअरी संस्कृतीकरण, म्हणजे खालची जात मांस-दारू सोडते, वरच्यांचे विधी उचलते आणि एक-दोन पिढ्यांत वरच्या जागेवर हक्क सांगते, हे त्यांनी १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकात मांडलं. उदाहरण: लिंगायत. टीका: जात वर सरकते पण शिडी तशीच, आणि अस्पृश्य मानलेल्यांनी काहीही सोडलं तरी रेषा ओलांडता येत नाही, हे तर त्यांनी स्वतःच मान्य केलंय.

लुई द्युमाँ, १९६६ चं पुस्तक: जातीचा पाया शुद्ध-अशुद्ध, सत्ता दुय्यम. उदाहरण: राज्य राजाचं, तरी दर्जाने ब्राह्मण वर. टीका: सगळं पोथीतून, वरून बघितलेलं. मला श्रीनिवासच पटतात, म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात जमीनवाल्या ओक्कलिगा जातीचंच चालायचं हे त्यांनी राहून पाहिलं ना!