तळ्याच्या वर्गणीचा व्हिडिओ: मोबाइलवर की ड्रोनवाल्याकडून?

गावतळ्यातला गाळ काढायला ऑनलाइन वर्गणी मागायची ठरली की मंडळात दोन तट पडतात. एकांना ड्रोनवाला व्हिडिओग्राफर हवा असतो, दुसरे म्हणतात मोबाइल पुरे. माझा कौल मोबाइलला, एक अपवाद सोडून.

व्हिडिओग्राफरच्या फिल्ममध्ये सरपंचांचं मनोगत, भारदस्त निवेदन आणि सनई येतेच. दिसते छान, पण ती कुठल्याही गावाची वाटते. मोबाइलवर ओळखीचा पोरगा शूट करत असेल तर तळ्याखालची विहीर असलेली बाई मोकळेपणी बोलते: पाणी कधी आटतं, टँकर येईपर्यंत कोणतं काम खोळंबतं. माणूस असाच निवडा, ज्याची अडचण थेट या तळ्याशी जोडलेली आहे. मोबाइलचा खरा शत्रू वारा. तळ्यावर तो माईकमध्ये घुसतो आणि शब्द कळत नाहीत. साधा कॉलर माईक लावा, नाहीतर मुलाखत घरात घ्या.

पुराव्याच्या बाबतीत ड्रोन फसवतो. वरून कोरडं तळं दिसतं, गाळ किती हे दिसत नाही. त्यापेक्षा तळ्यात चाचणी खड्डा घ्या, मुरूम लागेपर्यंत. टेप सोडा आणि काळ्या गाळाचा थर संपून मुरूम दिसतो तिथला आकडा जवळून दाखवा. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि पोकलेनवाल्याचं तारखेचं दरपत्रक, वाचता येईल इतका वेळ. ड्रोनचा उपयोग एकच: तळं आणि खालच्या विहिरी एका चौकटीत दाखवणारा काही सेकंदांचा शॉट. तेवढाच विकत घ्या.

शेवटचं आवाहन दोन्हीकडे बिघडतं. ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हटलं की देणारा पुढे ढकलतो. हिशेब मांडा. एक एकर तळातला 3 फूट गाळ म्हणजे सुमारे 1,300 ब्रास. खोदून भरून द्यायचा दर समजा ब्रासला 250 रुपये, तर सव्वातीन लाख. वाहतूक शेतकरी करणार, कारण गाळ त्यांच्याच शेतात जाणार. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, जवळपास 2,800 लिटर साठवणीची जागा. मग बाईच म्हणू दे: ‘पाचशे रुपयांत दोन ब्रास निघतो. पावसाआधी काढायचाय.’ पाऊस किती पडेल याचं वचन मात्र देऊ नका.

क्यूआर कोड व्हिडिओत टाकून भागत नाही, कारण बघणाऱ्याचा फोन स्वतःचाच पडदा कसा स्कॅन करणार? लिंक मेसेजमध्ये लिहा. आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गावकऱ्यांकडे मागण्याआधी पैसे घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का ते पाहा. दोन्ही नसतील तर त्यांची वर्गणी घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्यांची चालते.