बाकीवरून मसावि काढण्याची रीत : सात महिन्यांच्या वापरानंतर

अपूर्णांकांना अतिसंक्षिप्त रूप देणाऱ्या माझ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये मी गेले सात महिने युक्लिडच्या रीतीने मसावि काढत आहे. त्याआधी मूळ अवयव पाडून मसावि काढत होतो, पण संख्या मोठ्या झाल्या की अवयव शोधण्यातच वेळ जाई. या रीतीत अवयव लागतच नाहीत; फक्त भागून बाकी घ्यायची असते.

```python
while b != 0:
    a, b = b, a % b
```

`a` ३९१ आणि `b` २९९ घेऊ. पहिल्या फेरीत बाकी ९२ उरते आणि जोडी (२९९, ९२) होते. २९९ मधून ९२ ची तिप्पट, म्हणजे २७६, गेली की २३ उरतात, म्हणून पुढची जोडी (९२, २३). ९२ ला २३ ने नि:शेष भाग जातो, `b` शून्य होतो आणि `a` मध्ये उरलेले २३ हाच मसावि. बाकी म्हणजे भाज्यातून भाजकाची पट वजा केलेली संख्या असल्यामुळे जो विभाजक जुन्या जोडीला भागतो तो नव्या जोडीलाही भागतो, आणि उलटही तेच खरे असते. म्हणून जोडी बदलली तरी मसावि बदलत नाही.

ही फेरी कधीतरी थांबेलच, याची खात्री मला सुरुवातीला नव्हती. ती भागाकाराच्या व्याख्येतच आहे: धन पूर्णांकांत बाकी भाजकापेक्षा नेहमी लहान असते आणि शून्याच्या खाली जात नाही. त्यामुळे `b` ची किंमत प्रत्येक फेरीत निदान एकाने घटते (येथे २९९, ९२, २३, ०), आणि पूर्णांकांची अशी उतरंड अनंत चालू शकत नाही. प्रत्यक्षात ती फार लवकर संपते, कारण दर दोन फेऱ्यांत `b` निम्म्याहून कमी होतो.

माझी एक चूक मात्र सांगायला हवी. मी आधी `a = b` आणि त्याखाली `b = a % b` अशा दोन ओळी लिहिल्या होत्या. दुसरी ओळ चालते तेव्हा `a` बदललेला असतो, म्हणून `b` ला `b` नेच भाग जातो आणि पहिल्याच फेरीत बाकी शून्य येते. मसावि म्हणून दर वेळी दुसरीच संख्या परत येऊ लागली आणि ३९१/२९९ चे १/१ झाले, तेव्हा दोष लक्षात आला.

दशांश संख्यांसाठी ही रीत जशीच्या तशी वापरू नये. ०.३ आणि ०.१ दिल्यावर फेरी थांबली खरी, पण उत्तर `2.7755575615628914e-17` आले. कारण संगणक या दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत साठवू शकत नाही आणि बाकीत तोच सूक्ष्म फरक उरतो. आता मी आधी दोन्हींना १० ने गुणून ३ आणि १ करतो, त्यांचा मसावि काढतो आणि शेवटी १० ने भागतो.